पूर्वपक्षाचा परिच्छेद: स्वतःच्या विधानावर खरा आक्षेप कसा घ्यायचा आणि त्याला सरळ उत्तर कसं द्यायचं

कोल्हापुरात मराठी शिकवताना दरवर्षी निबंधांचे गठ्ठे तपासते. बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाचे असोत की एम.ए.चे, बहुतेक निबंधांत शेवटून दुसरा परिच्छेद ‘काही समीक्षकांच्या मते’ असा सुरू होतो. त्या समीक्षकांचं नाव नसतं आणि त्यांचं म्हणणं एका वाक्यात आटोपतं. लगेच ‘परंतु हे मत योग्य वाटत नाही’ असं येतं आणि निबंध समारोपाकडे वळतो. कोल्हापुरात अशा लढतीला नुरा कुस्ती म्हणतात. निकाल आधीच ठरलेला असतो आणि पहिल्या पकडीतच तो प्रेक्षकांना कळतो. परीक्षकालाही कळतो.

यात मुलांची चूक कमी आहे. ‘विरोधी मतही मांडा’ एवढंच त्यांना सांगितलेलं असतं. ते कशासाठी मांडायचं, कोणतं निवडायचं आणि उत्तर देताना कुठे थांबायचं हे कुणी बसून दाखवलेलं नसतं. म्हणून इथे एकच उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेते. उदाहरण वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’चं आहे. ही १९५९ची कादंबरी आपल्याकडच्या जवळपास प्रत्येक वाचनालयात मिळते, त्यामुळे मी म्हणते ते तुम्हाला पानं उलटून पडताळता येईल.

दोन शब्द आधी ठरवून घेऊ. निबंधात तुम्ही जे सिद्ध करायला निघालात ते तुमचं विधान. त्या विधानावरचा आक्षेप म्हणजे पूर्वपक्ष आणि आक्षेपाला दिलेलं उत्तर म्हणजे उत्तरपक्ष. हे शब्द आपल्या शास्त्रचर्चेतले आहेत, आणि तिथला क्रम इथेही पाळायचा आहे: आधी समोरच्याचं म्हणणं पूर्ण होऊ द्यायचं, मग आपण बोलायचं.

१. आधी विधान आक्षेप घेण्याजोगं आहे का ते बघा

‘ययाति ही भोगवादाचे दुष्परिणाम दाखवणारी कादंबरी आहे.’ हे वाक्य मी शेकडो वेळा वाचलं असेल. यावर आक्षेप कोण घेणार? कुणीच नाही. म्हणून अशा निबंधातला पूर्वपक्ष नेहमी ओढूनताणून आणलेला असतो. दुखणं विधानात असतं आणि दुरुस्ती मात्र परिच्छेदात चालू असते.

आपण हे विधान घेऊ: ‘ययाति’ ही कादंबरी ययातीवर निकाल देत नाही. राजा ययाति, त्याची राणी देवयानी आणि तिची दासी म्हणून आलेली शर्मिष्ठा हे तिघेही आपापली बाजू प्रथमपुरुषी निवेदनातून सांगतात, त्यामुळे निकाल वाचकावर सोपवला जातो.

याची उलट बाजू मोठ्याने म्हणून बघा: ‘कादंबरी ययातीवर स्पष्ट निकाल देते.’ कादंबरी नीट वाचलेला शहाणा माणूस असं म्हणू शकेल का? नक्कीच म्हणू शकेल. मग आपलं विधान कामाचं आहे.

*तपासणी:* उलट वाक्य ऐकून ‘असं कोण म्हणेल?’ हा प्रश्न मनात आला, तर पुढच्या पायरीवर जाऊ नका. विधान बदला.

२. पुस्तक विरोधकाच्या डोळ्यांनी पुन्हा चाळा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. निबंध लिहून झालेला असतो, सादर करायला एक दिवस उरलेला असतो आणि पूर्वपक्ष आठवणीतून लिहिला जातो. आठवणीत मात्र तुमच्या बाजूचेच प्रसंग असतात, कारण टिपणं काढताना तुम्ही तेच शोधत होता.

म्हणून एक संध्याकाळ वेगळी काढा. वहीचं कोरं पान घ्या आणि वर लिहा, ‘माझं विधान खोटं आहे, कारण...’. मग पुस्तक उघडा आणि फक्त विधानाला अडचणीत आणणाऱ्या जागा टिपा. त्या पानावर ‘पण’ हा शब्द लिहायचा नाही. उत्तर सुचलं तरी वहीच्या दुसऱ्या टोकाला लिहून ठेवा, या पानावर नको.

‘ययाति’बाबत असं केलं तर साधारण तीन गोष्टी हाती लागतात.

एक, कच, म्हणजे देवयानीचं प्रेम नाकारणारा ऋषिकुमार. संयम, विवेक आणि त्याग या मूल्यांच्या बाजूने कादंबरीत सर्वांत ठामपणे तोच बोलतो आणि अखेरीस त्याच्या शब्दांना मोठं वजन मिळतं. लेखकाला निकाल द्यायचा नसता तर असा माणूस मधोमध कशाला उभा केला असता?

दोन, ययातीच्या निवेदनाची वेळ. सगळं घडून गेल्यावर तो बोलतो आहे. सुरुवातीलाच तो स्वतःला विचारतो की ही कहाणी आपण का सांगत आहोत, आणि आपण राजा आहोत असं म्हणता म्हणता ‘होतो’ अशी स्वतःचीच दुरुस्ती करतो. म्हणजे हा माणूस बाजू मांडायला उभा नाही, कबुली द्यायला बसला आहे.

तीन, खांडेकरांचं स्वतःचं निवेदन. कादंबरीला जोडलेल्या लेखनात त्यांनी ही पुराणकथा आजच्या सुखामागे धावणाऱ्या माणसाशी जोडली आहे. लेखकाची भूमिका उघड आहे, मग निकाल वाचकावर सोडला असं कसं म्हणता येईल?

*तपासणी:* तीनपैकी निदान दोन नोंदींसमोर पानाचा क्रमांक हवा. क्रमांक नसलेली नोंद म्हणजे आठवणीतला आक्षेप.

३. तीनपैकी एकच निवडा, आणि जो टोचतो तो निवडा

एका परिच्छेदात तिन्ही आक्षेप घातले तर प्रत्येकाला दोन वाक्यं मिळतात आणि पुन्हा नुरा कुस्तीच होते. एकच घ्यायचा. कोणता?

इथे मोह असतो तो ज्याचं उत्तर तयार आहे तो घेण्याचा. आपल्या तिघांत असा आक्षेप कचाचा आहे. त्याला उत्तर देणं फार कठीण नाही. कच हा काही निवेदक नाही. त्याचे शब्द आपल्यापर्यंत कुणाच्या तरी कानांतून येतात. देवयानीच्या कानांतून आले की त्यांत तिच्या दुखावलेल्या प्रेमाची चव मिसळते, ययातीच्या कानांतून आले की आदर आणि स्वतःविषयीची लाज मिसळते. हे उत्तर चांगलं आहे, आणि म्हणूनच हा आक्षेप निवडू नका. तुम्हाला आधीच माहीत असलेल्या उत्तरातून विधानाची परीक्षा होत नाही.

लेखकाच्या भूमिकेचा आक्षेप वेगळ्या कारणाने बाजूला ठेवायचा. लेखकाने काय करायचं ठरवलं हा एक प्रश्न, आणि कादंबरीच्या रचनेत प्रत्यक्षात काय घडतं हा दुसरा. आपलं विधान दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे. प्रस्तावना किंवा मनोगत पुरावा म्हणून वापरता येतं, पण रचनेविषयीच्या विधानाला ते एकट्याने पाडू शकत नाही. दरवर्षी निदान पाच-सहा निबंधांत लेखकाच्या मनोगतातला उतारा हाच पूर्वपक्ष असतो आणि उत्तरपक्षात कादंबरीतला उतारा असतो. दोघं वेगवेगळ्या आखाड्यांत उभे असतात, त्यांची गाठच पडत नाही.

राहिला निवेदनाच्या वेळेचा आक्षेप, आणि तो खरंच टोचतो. आपलं विधान कशावर उभं आहे? ‘प्रथमपुरुषी निवेदनामुळे प्रत्येकाला आपली बाजू मांडता येते’ या खांबावर. हा आक्षेप थेट त्या खांबाला हात घालतो. तो म्हणतो की प्रथमपुरुषी निवेदन इथे बचावासाठी नाहीच. निवेदकाने स्वतःवर आधीच निकाल दिला आहे आणि वाचकाने फक्त मान डोलवायची आहे.

निवडीची कसोटी एवढीच: तुमच्या विधानातल्या ‘कारण’ किंवा ‘त्यामुळे’ या शब्दाला जो आक्षेप भिडतो तो घ्या. निष्कर्षालाच नुसतं ‘नाही’ म्हणणारा आक्षेप नको.

४. पूर्वपक्ष लिहा, त्या माणसाच्या बाजूने

चार-पाच वाक्यं पुरतात. त्यांत आक्षेपाचा दावा हवा, त्याला कादंबरीतला निदान एक नेमका आधार हवा, आणि आक्षेप मान्य केला तर आपल्या विधानाचं काय बिघडतं तेही स्पष्ट लिहायला हवं. शेवटची गोष्ट बहुतेक जण लिहीत नाहीत, कारण ती लिहिताना पोटात गोळा येतो. तीच लिहा.

एका विद्यार्थिनीने पहिल्यांदा असं लिहिलं होतं:

> वरवर पाहता काहींना असे वाटू शकते की ययाति पश्चात्तापाने बोलत आहे, त्यामुळे कादंबरी त्याला दोषी ठरवते.

‘वरवर पाहता’ म्हटलं की आक्षेप घेणारा उथळ ठरला. ‘काहींना वाटू शकते’ म्हटलं की त्याचं मत हे नुसतं वाटणं झालं. आधार एकही नाही. उत्तर यायच्या आधीच तो माणूस हरला आहे.

वर्गातल्या एका मुलाला हा आक्षेप मनापासून पटलेला होता. मी तिला त्याच्या शेजारी बसवलं आणि म्हटलं, ‘त्याचं म्हणणं त्याला मान्य होईल असं लिही.’ तो दोनदा म्हणाला, ‘नाही मॅडम, मला असं नाही म्हणायचं.’ तिसऱ्या वेळी हे उतरलं:

> या विधानाला एक गंभीर अडचण आहे. ययातीचे निवेदन घटनांच्या ओघात केलेले नाही, ते सर्व काही गमावल्यानंतरचे आहे. कहाणीच्या आरंभीच तो आपल्या राजेपणाचा उल्लेख भूतकाळात करतो. असा निवेदक स्वतःची बाजू मांडत नसून कबुलीजबाब देत असतो, आणि कबुली देणाऱ्याविषयी वाचकाला वेगळा निर्णय घ्यायला जागा उरत नाही. हे खरे असेल, तर प्रथमपुरुषी निवेदनामुळे निकाल वाचकाकडे जातो हा या निबंधाचा मुख्य आधारच ढासळतो.

तो मुलगा म्हणाला, ‘हेच म्हणायचं होतं मला.’ या वाक्याची वाट बघायची असते. असा माणूस हाताशी नसेल तर परिच्छेद एक रात्र बाजूला ठेवा आणि सकाळी तेवढाच वाचा. क्षणभर तरी ‘अरे, हे खरं आहे की’ असं वाटलं पाहिजे.

*इशारा:* ‘गैरसमज’, ‘वरवर’, ‘केवळ’, ‘अर्थातच’, ‘म्हणतात खरे’ हे शब्द पूर्वपक्षात दिसले की खोडा. ते आक्षेपात लपवलेलं उत्तर असतात.

५. उत्तर लिहिण्याआधी ठरवा: खोडायचं, मर्यादा घालायची की विधान बदलायचं

उत्तरपक्ष म्हणजे आक्षेप चितपट करणं अशी समजूत असते. प्रत्यक्षात तीन गोष्टी होऊ शकतात. आक्षेपाचा आधारच चुकीचा निघाला तर तो खोडता येतो. आक्षेप कादंबरीच्या एका भागापुरता खरा असेल तर त्याला मर्यादा घालता येते. आणि आक्षेप खराच असेल तर विधान बदलावं लागतं. कोणती गोष्ट करायची हे लिहायला बसण्याआधी ठरवा, नाहीतर पहिल्या वाक्यात मान्य करून तिसऱ्या वाक्यात नाकारलं जातं.

आपल्या उदाहरणात आक्षेप खोडता येत नाही. ययाति मागे वळून बोलतो आहे आणि स्वतःला दोष देतो आहे, हे पानावर दिसतं. ते नाकारलं तर प्रामाणिकपणा गेला. मग पुस्तकाकडे परत जाऊन एक नेमका प्रश्न विचारायचा: ययाति स्वतःवर निकाल देतो, ठीक आहे, पण तो निकाल नेमका कोणत्या गुन्ह्याबद्दल आहे? आणि बाकीच्या दोघींचा निकाल तोच आहे का?

इथे वाट सापडते. ययाति स्वतःला दोष देतो तो मुख्यतः वासनेबद्दल, कधीही न शमलेल्या सुखाच्या हावेबद्दल. देवयानीचं दुखणं तिथे नाही. तिच्या निवेदनात तिचा मान, दासी म्हणून आणलेल्या शर्मिष्ठेशी नवऱ्याने चोरून जोडलेलं नातं, आणि त्याहून आधीची कचाने नाकारल्याची जखम आहे. तिच्या लेखी ययातीचा गुन्हा फसवणुकीचा आहे. शर्मिष्ठा सर्वांत जास्त सोसते, पण तिचं निवेदन त्याच्यावरच्या प्रेमातून येतं, फिर्यादीतून नाही. तिघांची आरोपपत्रं जुळत नाहीत. तिसरीकडे तर आरोपपत्रच धड नाही.

म्हणजे आक्षेपाने आपल्याला एक खरी गोष्ट शिकवली: कादंबरीत निकाल आहे. ‘निकाल देत नाही’ हे आपलं म्हणणं जास्तच होतं. पण आक्षेपालाही एक गोष्ट दिसली नव्हती: निकाल एक नाही. विधान बदलून असं होतं: कादंबरी ययातीवर निकाल टाळत नाही, पण तिघांचे निकाल एकमेकांशी जुळत नसल्यामुळे कोणता गुन्हा मोठा हे वाचकाला ठरवावं लागतं.

हे विधान पहिल्यापेक्षा लहान आहे आणि जास्त खरं आहे. पूर्वपक्ष लिहिला नसता तर ते हाती आलं नसतं.

*इशारा:* उत्तरात असा पुरावा आणा जो निबंधात आधी आलेला नाही. आधीच्या परिच्छेदातलाच प्रसंग पुन्हा सांगितला तर आक्षेप ऐकून तुम्ही काहीच केलं नाही असं दिसतं.

६. उत्तरपक्ष लिहा: आधी मान्य, मग मर्यादा, मग पुरावा, शेवटी बदललेलं विधान

हा क्रम महत्त्वाचा आहे. मान्यतेचं वाक्य शेवटी टाकलं तर ते उपकार केल्यासारखं वाचलं जातं. ते आधी आलं की पुढचं सगळं विश्वासाने वाचलं जातं. आणि मान्यता पूर्ण वाक्यात द्या. ‘हे काही अंशी खरे असले तरी’ या अर्ध्या वाक्याने कुणालाच काही दिलेलं नसतं. किती अंशी ते सांगा.

> ययातीचे निवेदन पश्चात्तापातून येते हे मान्य करायला हवे. त्याच्या बाबतीत प्रथमपुरुषी निवेदन बचावाचे साधन ठरत नाही, आणि अखेरीस कचाच्या शब्दांना जे वजन मिळते त्यानेही या पश्चात्तापाला दुजोराच मिळतो. मात्र हा निकाल ययातीचा आहे, संपूर्ण कादंबरीचा नाही. तो स्वतःला न शमणाऱ्या वासनेबद्दल दोषी धरतो. देवयानीच्या निवेदनात मुख्य गुन्हा फसवणुकीचा आणि तिच्या अपमानाचा आहे, तर सर्वांत जास्त सोसलेली शर्मिष्ठा आरोप करण्याऐवजी प्रेमाने बोलते. तीन निवेदने तीन वेगळ्या मोजपट्ट्या लावतात. म्हणून आरंभीचे विधान दुरुस्त करून असे म्हणावे लागेल की कादंबरी निकाल टाळत नाही, परंतु कोणत्या गुन्ह्यासाठी शिक्षा द्यायची हा प्रश्न ती वाचकापुढे खुला ठेवते.

कचाचा मुद्दा इथे कसा आला ते बघा. तिसऱ्या पायरीवर आपण तो आक्षेप म्हणून बाजूला ठेवला होता. इथे मान्यतेत तो एका वाक्यात आला, आणि आपल्या विरुद्ध जाणारी गोष्ट म्हणूनच आला. तो लपवला असता तर जाणकार वाचकाने समासात ‘आणि कच?’ असं लिहिलं असतं.

लांबीचं म्हणाल तर उत्तर आक्षेपापेक्षा थोडं मोठं असावं, पण दुपटीपेक्षा जास्त नको. फार लांबलेलं उत्तर बहुधा घाबरलेलं असतं. एकच चांगला पुरावा नसला की माणूस चार अर्धे पुरावे आणतो.

पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष एकाच परिच्छेदात बसले तर उत्तम. दोन्ही मिळून दोनशे शब्दांच्या पुढे गेले तर दोन परिच्छेद करा, मात्र दोघांच्या मध्ये तिसरं काही येऊ देऊ नका.

७. जागा ठरवा आणि मागे जाऊन दुरुस्ती करा

ही जोडी मुख्य पुराव्यांनंतर आणि समारोपाआधी ठेवा. आक्षेप अगदी पहिल्या पानावर आणला तर तुमची बाजू ऐकायच्या आधीच वाचक त्याच्या बाजूला जातो. अपवाद एकच. तुमचं विधान एखाद्या सर्वमान्य मताच्या थेट विरोधात असेल, तर ते मत आधीच हाताळावं लागतं, कारण वाचक ते मनात घेऊनच वाचायला बसलेला असतो.

आता विधान बदललंय. मग पहिल्या परिच्छेदात अजून ‘कादंबरी निकाल देत नाही’ असं तर नाही ना? माझ्या हाती येणाऱ्या चांगल्या निबंधांतली सर्वांत नेहमीची चूक हीच आहे. सहाव्या परिच्छेदात प्रामाणिकपणे माघार घेतलेली असते आणि समारोपात जुनं विधान जसंच्या तसं परत येतं. दोन मार्ग आहेत. सुरुवातीलाच दुरुस्त विधान मांडा, किंवा सुरुवातीला ‘प्रथमदर्शनी असे दिसते’ असं लिहून दुरुस्ती पुढे येणार आहे हे कळू द्या. मला दुसरा मार्ग आवडतो, कारण त्यात विचार पुढे सरकताना दिसतो. परीक्षेत वेळ कमी असेल तर पहिला सुरक्षित. मधले परिच्छेदही एकदा चाळा. ‘निष्पक्ष’, ‘तटस्थ’ असे जुन्या विधानाला चिकटलेले शब्द तिथे उरलेले असतात.

८. सादर करण्याआधीची शेवटची तपासणी

पूर्वपक्षाचा परिच्छेद निबंधातून काढून टाका, म्हणजे त्यावर कागद ठेवून झाका, आणि समारोप वाचा. समारोपातलं एकही वाक्य अडलं नाही, तर परिच्छेदाने काही काम केलेलं नाही. तिसऱ्या पायरीवर परत जा आणि दुसरा आक्षेप निवडा. समारोपातलं एखादं वाक्य त्याच्याशिवाय कळत नसेल, ‘कोणता गुन्हा? कोणाचा निकाल?’ असा प्रश्न पडत असेल, तर कागद उचला आणि निबंध देऊन टाका.